सतारीच्या विद्यार्थ्याने म्युझिकॉलॉजीच्या मास्टर्ससाठी मोटिव्हेशन लेटर कसं लिहावं

परदेशी विद्यापीठांच्या मुदती जवळ आल्या की सतार शिकणाऱ्या मुलामुलींची पत्रं माझ्याकडे ‘एकदा नजर टाका ना’ म्हणून येतात. बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते. घरात संगीताचं वातावरण होतं, लहानपणीच हाती सतार आली, तेव्हापासून रियाज सुटला नाही. मजकूर खरा असतो, पण तो मैफलीच्या निवेदकाच्या हातातल्या चिठ्ठीला शोभतो. म्युझिकॉलॉजी म्हणजे संगीताचा अभ्यास: इतिहास, विश्लेषण, वाद्यांची रचना, वाजवणाऱ्यांचं आणि ऐकणाऱ्यांचं जग. तिथल्या निवड समितीला तुम्ही सतारीवर द्रुत लयीतला झाला किती छान वाजवता हे पत्रातून कळूही शकत नाही. तिला बघायचं असतं की या माणसाला संगीताबद्दल प्रश्न पडतात का, आणि पडलेल्या प्रश्नाचं पुढे काय करायचं याची त्याला काही कल्पना आहे का.

हे पत्र कसं उभं करायचं ते एका उदाहरणावरून बघू. सांगलीची एक विद्यार्थिनी धरा. बी.एस्सी. झालेली, विषय भौतिकशास्त्र. सतारीत विशारद. तालीम इमदादखानी घराण्याची. तिला ब्रिटन किंवा युरोपात म्युझिकॉलॉजीत मास्टर्स करायचं आहे. पात्र काल्पनिक आहे, पण तिच्या पत्रातल्या अडचणी रोजच्या बघण्यातल्या आहेत.

पत्राला हात लावण्याआधी अभ्यासक्रमाचं पान

पहिलं काम वाचनाचं. ‘मास्टर्स इन म्युझिक’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एकीत वादनाची परीक्षा असते, रेकॉर्डिंग मागतात, शेवटी मैफल द्यावी लागते. दुसरीत लेखी काम असतं आणि शेवटी प्रबंध. वादनाच्या अभ्यासक्रमाला संशोधनाचं पत्र गेलं किंवा उलट झालं, तर पत्र कितीही चांगलं असलं तरी वाया जातं.

त्याच पानावर प्रवेशाची अट शोधा. जर्मनीतल्या बऱ्याच म्युझिकॉलॉजीच्या मास्टर्सना बॅचलर पदवीही त्याच विषयातली, किंवा त्या विषयाचे ठरावीक क्रेडिट मिळवलेली लागते, आणि शिकवण्याची भाषा पुष्कळदा जर्मन असते. बी.एस्सी. पदवी तिथे अटीतच बसली नाही, तर पत्रातलं एकही वाक्य ती भरून काढू शकत नाही. आधी विभागाला दोन ओळींची ई-मेल करून विचारावं आणि मगच पत्रावर रात्री जागवाव्यात. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, हेही लागतं. त्याला वेळ जातो, तेव्हा तो अर्ज पत्राच्या आधी सुरू करायचा. ब्रिटनमधले काही विभाग संगीताची पदवी नसली तरी समकक्ष अनुभव धरतात. आपल्या विद्यार्थिनीला तीच वाट सोयीची आहे.

शब्दमर्यादा तिथेच दिलेली असते. कुणी पाचशे शब्द मागतं, कुणी हजार, कुणी दोन पानं. आपण आठशे धरू. त्यातले सुमारे दोनशे प्रश्नाला, अडीचशे-तीनशे तयारीला, दोनशे ‘याच विभागात का’ याला आणि उरलेले उणिवा व शेवट यांना. हा काही नियम नव्हे. पण घराणं आणि गुरू यांच्यावरच साडेचारशे शब्द संपले असतील, तर काहीतरी चुकलं आहे एवढं यावरून कळतं.

प्रश्न कुठून आणायचा

पत्राचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको. आपल्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा विषय लिहिला: ‘इमदादखानी आणि मैहर घराण्यांचा तौलनिक अभ्यास’. ऐकायला भारदस्त वाटतं. पण मास्टर्सचा प्रबंध साधारण पंधरा-वीस हजार शब्दांचा, आणि दोन घराण्यांची तुलना म्हणजे आलाप, गती, तिहाया, तालाची हाताळणी, वाद्याची जुळणी, तालमीची पद्धत असं सगळंच आलं. समितीतला अनुभवी माणूस हे वाचून एवढंच म्हणेल की हिने अजून सुरुवात केलेली नाही.

इतका मोठा विषय हाती आला की स्वतःला विचारावं: हा फरक मला पहिल्यांदा कुठे ऐकू आला? इमदादखानी घराण्याचे विलायत खाँ (१९२८–२००४) आणि मैहर घराण्याचे रविशंकर (१९२०–२०१२) यांची एकेक रेकॉर्ड लावली, तर राग ओळखण्याआधीच आवाज वेगळा लागतो. रविशंकरांच्या सतारीला खर्जाच्या तारा आहेत आणि जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याच्या घडणीतून येणारा आवाज, जास्त खुली आहे. विलायत खाँनी खर्जाच्या तारा काढून टाकल्या, गंधाराची तार आणली, आणि त्यांच्या सतारीची जवारी बंद, गोलसर आहे. म्हणजे घराण्यांतला फरक तिच्या कानाला आधी जवारीतून कळला. आणि जवारी तर ती मिरजेत स्वतः समोर बसून काढून घेते. विषय घरातच होता.

आता तिच्या पत्राची आधीची सुरुवात बघा.

‘सतार हा माझा श्वास आहे. गुरुजींच्या चरणी बसून गेली अनेक वर्षे मी इमदादखानी घराण्याची तालीम घेत आहे. भारताची प्राचीन आणि समृद्ध संगीत परंपरा जागतिक पातळीवर नेण्याचे माझे स्वप्न आहे.’

आणि ही नंतरची:

‘वर्षातून एकदा तरी मी माझी सतार घेऊन मिरजेला जाते. वाजवून वाजवून तारेने घोडीवर खाच पाडलेली असते आणि जवारी नव्याने काढावी लागते. कारागीर घोडीचा माथा कानशीने थोडा घासतो, तार चढवतो, छेडतो आणि माझ्याकडे बघतो. मी म्हणते, “अजून जराशी बंद हवी.” तो पुन्हा दोन हात फिरवतो. एका क्षणी आम्ही दोघेही थांबतो, पण नेमके कशावर थांबलो हे दोघांनाही सांगता येत नाही. “बंद” आणि “खुला” आवाज वादक आणि कारागीर मिळून कसा ठरवतात, हा प्रश्न मला मास्टर्समध्ये अभ्यासायचा आहे.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘समृद्ध’, ‘प्राचीन’, ‘स्वप्न’ यांतलं काही नाही, तरी ही मुलगी सतारीशी किती जवळून वागते हे पहिल्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय शेवटच्या वाक्यात प्रश्न आहे, आणि तो एका वर्षात हात घालता येईल एवढा आहे.

सतार कधी हातात न धरलेला माणूसही हे पत्र वाचणार, म्हणून लगेच पुढे जवारी म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगायचं: ‘सतारीची मुख्य घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या माथ्याला हलकेच घासत कंप पावते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर उठून ऐकू येतात. या उताराला आणि त्यातून येणाऱ्या आवाजाला जवारी म्हणतात.’ पत्रभर असे आपले शब्द पाच-सहाच ठेवावेत आणि प्रत्येकाची ओळख पहिल्या वेळीच करून द्यावी. मींड, गमक, कृंतन, झाला, तोडा एका परिच्छेदात ओतले की वाचणारा पुढे सरकतो.

आधी कोणी काय केलं

प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडला अशा थाटात पत्र लिहिलं की अननुभव उघडा पडतो. लांबलचक यादी नको. दोन नावं पुरतात, पण त्यांचं काम आपल्या प्रश्नाला कुठे भिडतं ते सांगता यायला हवं.

इथे पहिलं नाव सी. व्ही. रामन यांचं. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्यांवर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटू नये असं नेहमीचा नियम सांगतो, तिथे छेडूनही या वाद्यांत तो ऐकू येतो, आणि त्याचं कारण घोडीच्या वळणात आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे जवारीमागचं भौतिकशास्त्र शंभर वर्षांपूर्वीच हाताळलं गेलं. हे माहीत असेल तर ‘जवारीचं रहस्य उलगडणार’ असं वाक्य विद्यार्थिनी लिहिणार नाही. ती लिहील की घोडी काय करते ते बऱ्याच अंशी कळलेलं आहे, कानशी कुठे थांबवायची हे माणसं कसं ठरवतात ते तिला बघायचं आहे.

दुसरं नाव तिच्या गावचंच. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका काढली. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी आणि मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ हेही त्या कामाशी जोडले गेले. गवयाचा कान आणि मोजमापाचं यंत्र समोरासमोर आणण्याचा हा प्रयत्न तिच्या घरापासून काही मैलांवर झाला होता. पत्रात याला दोन वाक्यं पुरे. पण ती वाचून समितीला कळतं की मिरज हे नाव तिने नुसतं रंग भरायला घातलेलं नाही.

तयारी: सांगू नका, थोडी करा

‘मला संशोधनाची आवड आहे’ असं प्रत्येक पत्रात असतं. त्यापेक्षा पत्र लिहिण्याआधी महिनाभरात एक छोटं काम करावं आणि त्याबद्दल लिहावं. आपल्या उदाहरणात ते असं होईल.

पुढच्या वेळी मिरजेला जाण्याआधी बाजाची तार मोकळी, पडद्यावर बोट न ठेवता, मिजराबीने ‘दा’ असा दहा वेळा छेडायची आणि रेकॉर्ड करायची. दोन आघातांच्या मध्ये आवाज पूर्ण विरू द्यायचा. जवारी काढून आणल्यावर तीच तार त्याच स्वरात लावून, माइक त्याच अंतरावर ठेवून पुन्हा दहा वेळा. फाइल एमपी३ मध्ये घ्यायची नाही, डब्ल्यूएव्हीमध्ये घ्यायची. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करायची. ती चालू राहिली तर फोन मंद आवाज स्वतःच उचलून धरतो आणि विरण्याचा वेळ मोजण्यात अर्थच उरत नाही. मग Sonic Visualiser या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली उघडून स्पेक्ट्रोग्राम बघायचा. वरच्या रेघा म्हणजे उपस्वर. आघातानंतर त्या किती वेळ टिकतात आणि कोणत्या आधी विरतात, एवढंच टिपून ठेवायचं.

याबरोबर वही हवीच. कारागिराने किती वेळा तार चढवून बघितली, दर वेळी कोण काय म्हणालं, कोणत्या शब्दावर तो पुन्हा कानशीकडे वळला. वाद्याची रचना आणि माणसांचं बोलणं अशा दोन्ही बाजू एका प्रश्नात आल्या की विभागाला हे काम आपल्याकडे करता येईल असं वाटतं.

पत्रात हे असं उतरेल: ‘या वर्षी जवारी काढण्याआधी आणि नंतर मी माझ्या सतारीच्या मुख्य तारेचे आघात रेकॉर्ड करून त्यांचे स्पेक्ट्रोग्राम पाहिले. आघाताचा जोर हाताने सारखा ठेवता येत नाही आणि फोनचा माइक मर्यादित आहे, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण कारागिराने ज्या वेळी “आता बसली” म्हटले, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये काय बघायचे हे मला आता कळते.’ मधलं वाक्य कधी गाळू नये. प्राध्यापक मंडळी याच वाक्यापाशी थांबतात, कारण आपल्या पद्धतीची मर्यादा ओळखणारा विद्यार्थी त्यांना शिकवायला सोपा जातो.

विशारदबद्दलही दोन वाक्यं लागतात, कारण परदेशी समितीला तो शब्द माहीत नसतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा, त्यात प्रात्यक्षिकाबरोबर लेखी पेपर असतात, त्यात रागशास्त्र, ताल, स्वरलेखन आणि इतिहास येतो, एवढं सांगावं. ‘ही बी.ए.च्या बरोबरीची आहे’ असं आपणच ठरवून लिहू नये. ते काम विद्यापीठाचं. प्रमाणपत्र आणि विषयांची यादी भाषांतरासह जोडावी, झालं.

गुरूंबद्दल किती लिहावं

हा भाग नाजूक आहे. गुरूंचं नाव, घराणं आणि तालमीची पद्धत यांची माहिती पत्रात असावी. स्तुती असू नये. तालमीत लेखी काही नसतं, गत कानाने घ्यायची आणि चुकली की तीच पुन्हा, हे सांगणं ही माहिती झाली. ‘गुरुजींच्या कृपेने’ ही भावना झाली, आणि ती गुरूंना प्रत्यक्ष सांगण्याची गोष्ट आहे.

याहून मोठी अडचण वेगळीच. पत्राला वजन यावं म्हणून काही जण लिहितात की माझ्याकडे गुरूंच्या तालमीची कित्येक तासांची रेकॉर्डिंग आहेत, ती मी संशोधनाला वापरीन. ती रेकॉर्डिंग शिकण्यासाठी करू दिली होती. त्यातली एखादी बंदिश किंवा रागाचं एखादं अंग गुरूंनी बाहेर जाऊ दिलेलं नसेल. आधी विचारा, आणि मग पत्रात एवढंच लिहा की संमती घेतली आहे, किंवा घेणार आहात. कारागिराचंही तसंच. त्याचं कसब हे त्याचं पोट आहे, तेव्हा दुकानात फोन चालू करण्याआधी ‘काका, रेकॉर्ड करू का? अभ्यासासाठी हवंय’ एवढं विचारायला काही जात नाही. संशोधनातली नैतिकता हा तिकडे औपचारिक अर्जाचा विषय आहे. पत्रातच त्याची जाण दिसली तर वाचणारा ती नोंद घेतो.

याच विभागात का

हा परिच्छेद बहुतेकांचा फसतो. ‘आपल्या नामांकित विद्यापीठाचे जागतिक दर्जाचे वातावरण’ हे वाक्य कुठेही डकवता येतं. त्यासाठी एक चाळणी आहे: विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं घाला. वाक्य तसंच चाललं तर ते काढून टाका. हीच चाळणी पहिल्या परिच्छेदांनाही लावावी. ‘सतार’ खोडून ‘व्हायोलिन’ घातलं आणि अर्थाला धक्का बसला नाही, तर ते वाक्य कुठल्याच वाद्याचं नाही.

समजा ब्रिटनमधलं डरहॅम विद्यापीठ निवडलं. मार्टिन क्लेटन यांचं हिंदुस्थानी संगीतातल्या लय-तालावरचं पुस्तक २००० साली आलं आणि वादक एकमेकांबरोबर लय कशी सांभाळतात यावर त्यांनी पुढेही काम केलं. जवारीचा प्रश्न तालाचा नाही. पण दोन माणसं शब्दांशिवाय एका निर्णयावर कशी येतात, हा धागा दोन्हीकडे आहे. विद्यार्थिनीने तसंच लिहावं: ‘वादक एकमेकांशी न बोलता कसे जुळवून घेतात या विषयावर आपल्या विभागात झालेल्या कामाची पद्धत मला वादक आणि कारागीर यांच्यातल्या निर्णयासाठी वापरून पाहायची आहे.’ मात्र पाठवण्याआधी विभागाचं आजचं पान उघडून तो प्राध्यापक अजून तिथे शिकवतो का, मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो का, हे बघायलाच हवं. निवृत्त माणसाचं नाव घातलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

उणिवा

आपल्या विद्यार्थिनीला पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. हे लपवू नये आणि त्यावर रडगाणंही नको. ‘मी भातखंडे पद्धतीने स्वरलेखन करते. स्टाफ नोटेशन सध्या शिकत आहे आणि सत्र सुरू होण्याआधी साधी सुरावट वाचण्याइतकी तयारी करीन.’ एवढं पुरे, फक्त ते शिकणं खरोखर सुरू असायला हवं. पदवी भौतिकशास्त्राची आहे ही तर या प्रश्नासाठी जमेची बाजू. ती माफी मागितल्यासारखी लिहू नये. मार्क कमी असतील किंवा वर्ष गेलं असेल, तर कारण एका वाक्यात, फार तर दोन.

इंग्रजी करताना आणि पाठवताना

पहिला खर्डा मराठीत करावा, विचार मोकळा होतो. पण नंतर त्याचं ओळीला ओळ भाषांतर करू नये. मराठीत आदराने आलेली विशेषणं इंग्रजीत फुगलेली दिसतात, म्हणून मुद्दे समोर ठेवून पत्र नव्याने लिहावं. मग ते अशा माणसाला वाचायला द्या ज्याने सतार फक्त लांबून पाहिली आहे. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवून त्याला विचारा, हिला काय अभ्यासायचं आहे? ‘सतारीबद्दल काहीतरी’ असं उत्तर आलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहायचा.

शिफारसपत्रं देणाऱ्यांना तुमचं पत्र आधी दाखवा. कॉलेजच्या सरांनी प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहावं, गुरूंनी तालमीतल्या कानाबद्दल, म्हणजे तिन्ही कागद एकच गोष्ट घोकत बसणार नाहीत. गुरूंना इंग्रजीत लिहिणं जमत नसेल तर त्यांनी मराठीत लिहून सही करावी आणि सोबत भाषांतर जोडावं. तसं चालतं का, हे विभागाला आधी विचारून घ्यावं.

मुलाखत झाली तर ती पत्रातूनच सुरू होते. तेव्हा जवारीच्या आधीची आणि नंतरची अशी दोन रेकॉर्डिंगं, त्यांचे स्पेक्ट्रोग्राम आणि ती वही जवळ ठेवा. कॉलवर सतार समोर असली तर घोडी कॅमेऱ्यापाशी नेऊन खाच दाखवता येते, फक्त तार आधी जुळवून ठेवा.